गौरीच्या व्हिडिओखाली पिन कमेंट काय लिहायची?

प्रश्न: आमचं सण आणि स्वयंपाकाचं छोटं यूट्यूब चॅनल आहे, मी आणि सासूबाई मिळून करतो. दरवर्षी गौरीच्या व्हिडिओखाली मी पिन करते की "तुमच्याकडे गौरी कशा बसवतात कमेंटमध्ये नक्की सांगा". खाली येतं काय तर "खूप छान ताई" आणि हात जोडलेले इमोजी. गेल्या वर्षी तर चक्क भांडण लागलं. लोकांनी आपापल्या घरची रीत लिहावी म्हणून नेमकं काय लिहायचं?

उत्तर:

मी गेली आठेक वर्षं दोन-तीन मराठी चॅनल्सच्या कमेंट्स सांभाळते, त्यातलं एक पूर्ण सणावाराचंच आहे, आणि तुमची ती ओळ मी स्वतः पहिली दोन वर्षं जशीच्या तशी टाकलीये. तिच्यात चुकीचं काही नाही, पण ती वाचणाऱ्या बाईचा विचार करा. तिच्या घरी तीन दिवस गौरी असतात, आदल्या दिवशीची तयारी धरली तर चार. आणणं, उभ्या करणं, साड्या, फुलोरा, पहिल्या दिवशीची भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशीचं पुरण आणि सोळा भाज्या, संध्याकाळचं हळदीकुंकू, मग बोळवण. हे सगळं ती अंगठ्याने कुठे टाइप करत बसणार? "कशा बसवतात" याचं उत्तर द्यायचं तर निबंध होतो, म्हणून मग ती "खूप छान" लिहून मोकळी होते, आणि त्यात तिची काही चूक नाही.

म्हणजे प्रश्न लहान हवा, हे झालं एक. पण लहान म्हणजे "हो की नाही" असा नको, नाहीतर "हो" येतं आणि विषय संपतो. मला जे जमलंय ते असं की सणातला एकच क्षण उचलायचा, असा की जो घरोघरी खरोखर वेगळा असतो, एका वाक्यात सांगता येतो, आणि तो सांगायला स्वयंपाक यावा लागत नाही की पूजा यावी लागत नाही. गौरीत असा क्षण आहे, आणि तो उंबरठ्यावर आहे.

गौर दारातून आत येते तेव्हा कोणीतरी विचारतं ना, "गौरी आली, कशाच्या पावलांनी आली?" आणि जिच्या हातात गौर असते ती म्हणते "सोन्यारुप्याच्या पावलांनी आली", कुणाकडे "गाईवासरांच्या पावलांनी", कुणाकडे धनधान्याच्या, कुणाकडे विद्येच्या. मागे कोणी ताट-पळी वाजवत असतं, कुंकवाची किंवा रांगोळीची पावलं काढलेली असतात, आणि मग तिला घरभर फिरवायचं, स्वयंपाकघर दाखवायचं, धान्य दाखवायचं, कपाट दाखवायचं. आता हे वाक्य प्रत्येक घराचं आपलं असतं. ते पुरुषांनाही माहिती असतं कारण लहानपणी ताट बडवायचं काम त्यांच्याकडेच असायचं, बारा वर्षांच्या मुलीलाही माहिती असतं, आणि ज्यांच्या घरी आता गौरी बंद झाल्यात त्यांनाही आठवतं. शिवाय त्या एका वाक्यात चूक-बरोबर काही नाही, त्यामुळे भांडायला जागा राहत नाही. (तसं भांडणारा कशावरूनही भांडतो म्हणा.)

आता कमेंट कशी लिहायची ते. मी तुम्हाला एक मसुदा कसा सुधारत नेते तेच दाखवते. समजा पहिला असा लिहिला:

> नमस्कार मंडळी! 🙏 कसा वाटला आजचा व्हिडिओ? ज्येष्ठा गौरी हा महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा सण आहे. तुमच्यात गौरी कशा बसवतात, नैवेद्याला काय असतं, कमेंटमध्ये नक्की सांगा. व्हिडिओ आवडल्यास लाईक, शेअर आणि सबस्क्राईब करायला विसरू नका!

पहिली गोष्ट, यूट्यूब लांब कमेंट दुमडतं. मोबाईलवर तीन-चार ओळी दिसतात आणि बाकीचं "Read more" च्या मागे जातं. वरच्या मसुद्यात प्रश्न येईपर्यंत त्या ओळी नमस्कारात आणि महत्त्व सांगण्यातच संपल्या. गौरीचा व्हिडिओ बघायला आलेल्या माणसाला गौरी म्हणजे काय ते सांगायची गरजच नाही. आणि शेवटी सबस्क्राईब आलं की वाचणाऱ्याला वाटतं हे सगळं त्यासाठीच लिहिलंय. ते व्हिडिओत बोलता ना तुम्ही, मग इथे नको.

दुसरी गोष्ट, "तुमच्यात". हा शब्द मी हात जोडून सांगते, काढा. मराठीत "आमच्यात असं असतं", "तुमच्यात कसं करतात" याचा अर्थ सगळ्यांना कळतो, ती जात विचारणं असतं. तुमच्या मनात तसं नसेलही, पण वाचणाऱ्याच्या मनात तेच येतं. मग एक तर लोक उत्तर देत नाहीत, नाहीतर "आम्हा अमुक लोकांमध्ये" अशी सुरुवात करून लिहितात आणि पुढचा माणूस त्याला उत्तर द्यायला येतो, की झालं सुरू. "तुमच्या घरी" लिहा, म्हणजे उत्तरही घराचंच येतं. "तुमच्याकडे" त्यातल्या त्यात चालतं, पण "घरी" सगळ्यात बरं. हा एक शब्द बदलल्यावर माझ्या एका चॅनलवर खालचा सूरच बदलला, उत्तरं "आमची आजी", "आमच्या चुलत्यांच्या घरी" अशी सुरू व्हायला लागली.

तिसरी, नैवेद्य. तुमचं गेल्या वर्षीचं भांडण कशावरून झालं ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण मी पैज लावते की कोणीतरी कोकणातून लिहिलं असणार की आमच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण किंवा कोंबडी किंवा चिंबोऱ्या, आणि त्यावर कोणीतरी "देवीला मांसाहार? हे कुठल्या शास्त्रात आहे?" म्हणून धावून आलं असणार. कोकणात बऱ्याच घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ज्यांच्याकडे घावन-घाटलं किंवा पुरणपोळी असते त्यातल्या अनेकांनी हे कधी ऐकलेलंच नसतं. मी असं म्हणत नाही की नैवेद्याचं विचारूच नका. विचारा, पण मग दार दोन्ही बाजूंनी उघडं आहे हे कमेंटमध्येच दिसायला हवं, म्हणजे "आमच्या घरी पुरणावरणाचं असतं, शेजारच्या काकूंकडे तिखटाचं" असं तुम्हीच लिहून टाकायचं. पिन केलेल्या कमेंटमध्येच ते आलं की निदान तुम्ही कोणत्या बाजूला आहात यावर वाद होत नाही. पहिल्या वर्षी मात्र नैवेद्याच्या वाटेला जाऊ नका असं मी म्हणेन, उंबरठ्यावरच थांबा.

आणि हो, "खरी पद्धत", "शास्त्रशुद्ध", "योग्य" हे शब्द कमेंटमध्ये नकोतच, थंबनेलवरसुद्धा नकोत. थंबनेलवर "गौरी आवाहनाची योग्य पद्धत" आणि खाली "तुमची रीत सांगा" असं असेल तर कोण सांगेल? आपली रीत अयोग्य ठरणार हे आधीच लिहिलंय की वर.

मग मी दुसरा मसुदा केला:

> आमच्या घरी गौर दारातून आत येताना सासूबाई विचारतात "गौर कशाच्या पावलांनी आली?" आणि मी म्हणते "सोन्यारुप्याच्या पावलांनी". तुमच्या घरी सवाष्णी काय म्हणतात?

हा बराच बरा आहे, पण इथे मी एकदा चांगलीच तोंडावर पडले ते सांगते. "सवाष्णी काय म्हणतात" असंच लिहिलं होतं मी. दोन दिवसांनी एका बाईंची कमेंट आली, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, गौर आता जाऊबाई आणतात, "मला सगळं येतं पण तुम्ही मला विचारलं नाहीत". तेवढंच. मी तिथल्या तिथे शब्द बदलला आणि त्यांची माफी मागितली, मग त्यांनी जे लिहिलं ते त्या अख्ख्या व्हिडिओखालचं सगळ्यात सविस्तर उत्तर होतं, नदीवरून पाच खडे आणताना त्यांच्या सासूबाई तोंडात पाण्याची चूळ धरायला लावायच्या म्हणजे वाटेत बोलणं होत नाही, घरी आल्यावरच ती टाकायची. असा माणूस आपण एका शब्दाने बाहेर ठेवला होता. तेव्हापासून "सवाष्णी", "सुना", "गृहिणी", "मैत्रिणींनो" काहीच लिहीत नाही, नुसतं "तुमच्या घरी".

अजून एक शब्द बघायचा राहिला, खुद्द "गौरी". नागपूर-अमरावतीकडे, नांदेड-परभणीकडे लोक महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा उभ्या करतात, सोबत त्यांची बाळं असतात, ज्वारीच्या आंबिलीशिवाय तिथे नैवेद्य पुरा होत नाही. त्यांना "गौरी" कळतं हो, पण नुसतं "गौरी" वाचलं की हा पुण्या-मुंबईचा व्हिडिओ आहे असं वाटून पुढे जातात. दोन्ही शब्द घातले की काम होतं. खड्याच्या, तेरड्याच्या, मुखवट्याच्या, सुगडाच्या असे सगळे प्रकार मात्र कमेंटमध्ये मोजत बसू नका. यादी दिली की लोक यादीतला एक शब्द निवडून लिहितात, "मुखवट्याच्या", आणि संपलं. ज्यांचं यादीत नाही ते गप्प बसतात.

शेवटी जो पिन केला तो असा:

> आमच्या घरी (वाई) गौर उंबरठ्यावर आली की सासूबाई विचारतात "कशाच्या पावलांनी आली?" मी म्हणायचं "सोन्यारुप्याच्या", आणि मागून दीर जोरात ताट बडवतो. गौरी म्हणा, महालक्ष्म्या म्हणा, तुमच्या घरी आत आणताना काय म्हणतात? तेवढं एक वाक्य आणि गावाचं नाव इथेच खाली लिहा. आता करत नसाल तर लहानपणीचं आठवेल ते.

गाव मी इथे उदाहरणाला टाकलंय, तुम्ही तुमचं टाका. यात काय काय आहे बघा. सुरुवात तुमच्या उत्तरापासून आहे, प्रश्न नंतर येतो. याचं कारण साधं आहे, लोक पहिल्या उत्तराची लांबी आणि सूर बघून आपलं लिहितात. तुम्ही दोन ओळी लिहिल्या तर ते दोन लिहितात. तुम्ही दिराचं ताट बडवणं लिहिलं तर ते त्यांच्या घरचा असाच काहीतरी गमतीचा तपशील लिहितात. तुम्ही "आमच्याकडे पारंपरिक पद्धतीने आवाहन करतात" असं लिहाल तर तेही तसलंच कोरडं लिहितील. म्हणून तुमच्या ओळीत एक तरी गोष्ट अशी हवी की जी फक्त तुमच्याच घरात आहे, जरा वेडीवाकडी असली तरी चालेल, उलट बरं. पण ती खरी हवी हां, बनवून लिहू नका, सासूबाई आहेत शेजारी, त्यांनाच विचारा.

गावाचं नाव का, तर त्याने उत्तर कामाचं होतं. "धनधान्याच्या पावलांनी" हे एकटं वाचलं तर काही नाही, त्यापुढे "चिपळूण" किंवा "लातूर" आलं की खालच्या माणसाला आपलं गाव लिहावंसं वाटतं आणि शेजारच्या तालुक्यातला "आमच्याकडे पण हेच" म्हणून येतो. फक्त गावच मागा, आडनाव, वाडा, आळी नको. काही लोक उत्साहात पूर्ण पत्ता आणि "या दर्शनाला" असं लिहितात, त्यांना मी उत्तरात सांगते की पत्ता काढून टाका, सणाच्या दिवसांत घरात दागिने असतात आणि कमेंट कोणीही वाचतं.

"आता करत नसाल तर" ही ओळ काढू नका, जागा कमी पडली तर दीर काढा पण ती ठेवा. कोणाकडे त्या वर्षी सुतक असतं, कोणी घरातून वेगळं झालेलं असतं आणि गौरी थोरल्या घरी राहिलेल्या असतात, कोणी न्यू जर्सीत दोन खोल्यांत राहतं. सण आपल्या घरी नाही म्हणून हे लोक व्हिडिओ बघतात, आणि सांगायला सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच असतं.

"इथेच खाली" हे मुद्दाम आहे. लोक पिनखाली रिप्लाय देतात किंवा वेगळी कमेंट टाकतात. वेगळ्या टाकल्या तर त्या "खूप छान ताई" मध्ये विखुरतात. रिप्लायमध्ये आल्या की सगळी उत्तरं एकाखाली एक वाचता येतात आणि एकाचं वाचून दुसऱ्याला आठवतं. तोटा असा की रिप्लाय दुमडलेले असतात, दाबल्याशिवाय दिसत नाहीत. मी तरीही रिप्लायच मागते, एकदा दहा-बारा जमले की तो आकडा बघूनच लोक उघडतात.

आता पिन करण्याचं. व्हिडिओ पब्लिक झाला की लगेच स्वतःच्या चॅनलवरून कमेंट टाकायची, तीन टिंबांवर दाबून पिन करायचं. तो पर्यायच दिसत नसेल तर स्टुडिओच्या सेटिंगमध्ये चॅनलची अॅडव्हान्स्ड फीचर्स चालू आहेत का बघा. एका व्हिडिओवर एकच कमेंट पिन होते, नवी केली की जुनीची पिन निघते आणि ती तिच्या सगळ्या रिप्लायसकट खाली जाते, त्यामुळे मध्येच "भाग दुसरा आलाय" अशी नवी कमेंट पिन करायचा मोह आवरा. काही घालायचं असेल तर त्याच कमेंटला एडिट करा आणि एडिट केल्यावर पिन अजून वर आहे ना ते डोळ्याने बघा.

पिन करून झालं की बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि पहिली चार-पाच उत्तरं वाया जातात. खरं काम तिथे आहे. कोणी लिहिलं "आम्ही म्हणतो लक्ष्मी आली सोनपावलांनी, सांगली", त्याला नुसतं हार्ट किंवा "धन्यवाद 🙏" दिलं तर बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी त्यांच्याच उत्तरातलं एक टोक धरून विचारायचं, "आत आणल्यावर आधी कुठे नेता, स्वयंपाकघरात की कपाटापाशी?" हा दुसरा प्रश्न प्रत्येकाला वेगळा विचारायचा, एकच कॉपी-पेस्ट केला तर लोकांना लगेच कळतं. मी पहिल्या संध्याकाळी तासभर हेच करते, पुढे लोक आपसात बोलायला लागतात आणि मला फार बघावं लागत नाही. कोणी एकीने लिहिलं की माहेरी खड्याच्या होत्या आणि सासरी मुखवट्याच्या, की तिला हमखास विचारायचं, पहिल्या वर्षी काय चुकलं? हे फार रंगतं. फक्त पिनमध्ये माहेर-सासर विचारू नका, रिप्लायमध्येच, नाहीतर परत निम्मे लोक बाहेर.

त्याच संध्याकाळी स्टुडिओत जाऊन अडकलेल्या कमेंट्सही बघा, "Held for review" मध्ये. मला तिथे साधीसुधी उत्तरं सापडलीत, गावाकडच्या बोलीतली, काही लिंकवाली. आणि गेल्या वर्षीच्या भांडणामुळे तुम्ही ब्लॉक शब्दांत "मटण" वगैरे टाकलं असेल तर काढा, नाहीतर कोकणातलं अख्खं उत्तर तुम्हाला न दिसता अडकून बसेल.

शास्त्र काढणारा आलाच तर मी एकदाच लिहिते, "इथे आपण घरोघरच्या रीती गोळा करतोय, तुमच्या घरची पण लिहा ना". दहातले निम्मे खरंच लिहितात. उरलेल्याने दुसऱ्याच्या घराला नावं ठेवली तर कमेंट काढते, चर्चा करत नाही. ज्याला टोकलं त्याला मात्र त्याच्या रीतीबद्दलच एक प्रश्न विचारायचा, म्हणजे तो निघून जात नाही.

वेळेचं राहिलं. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर बोळवण, म्हणून तारीख दरवर्षी हलते, तेव्हा आधी पंचांग बघून उलटे दिवस मोजा. त्या तीन दिवसांत कोणी टाइप करत नाही, हात पिठात असतात. व्हिडिओ आठ-दहा दिवस आधी आला तर तयारी करता करता लोक लिहितात. आणि बोळवणीच्या दुसऱ्या दिवशी, घर एकदम रिकामं वाटत असतं तेव्हा, त्याच पिन कमेंटला एडिट करून पुढे एक ओळ जोडा, "या वर्षी तुमच्या घरी कोणी ताट वाजवलं?" माझ्या अनुभवात लांब उत्तरं त्या दोन-तीन दिवसांतच येतात.

आणि ही उत्तरं पुढच्या व्हिडिओत वाचून दाखवायचा विचार असेल तर ते आधीच त्या कमेंटमध्ये सांगा, "यातली काही पुढच्या व्हिडिओत वाचू, नाव नको असेल तर तसं लिहा" एवढं पुरे. न सांगता वाचलं तर काहींना आवडत नाही, एका बाईंनी मला विचारलं होतं की माझ्या सासूबाईंचं वाक्य तुम्ही कोणाला विचारून घेतलंत. वाचायची उत्तरं वेगळ्या वहीत किंवा फाईलमध्ये लगेच उतरवून ठेवा, कारण लोक नंतर कमेंट काढून टाकतात, आणि मग ते चूळ धरून खडे आणणं वगैरे गेलं ते गेलंच.